सहा ट्रॅक आणि एक चौकट

राजी नावाची सर्कशीतली एक पोर आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. असुरांनी त्याला पळवून नेलेलं असतं. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते, आणि मग ओसाड महाल, तळी, गवाक्षं आणि नक्षीदार कमानी ओलांडत ती पुढं जाते. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्यात घडला; नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं तो २०२० साली आणला. राजस्थानी वास्तूची आठवण करून देणाऱ्या त्याच्या भिंती मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हाच ठरवलं होतं, हा खेळ मराठीत बोलत बोलत खेळायचा, रेकॉर्ड करायचा आणि आपल्या छोट्याशा चॅनेलवर ठेवायचा.

पण राजीमध्ये आपल्याआधी बोलणारं कुणीतरी असतं. या खेळात विष्णू आणि दुर्गा सतत एकमेकांशी बोलत असतात, राजीचं काय चाललंय हे पाहत, तिच्याबद्दल काळजी करत. भिंतीवरच्या चित्रापाशी राजीला उभं केलं की त्या चित्रातली कथा ऐकू येते. शिवाय लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं संगीत सगळ्याच्या तळाशी वाहत असतं. अशा खेळात मधेच आपण बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या कीर्तनात उभं राहून निरूपण करायचं. ते करता येतं, पण कुठं बोलायचं आणि कुठं थांबायचं याचा विचार करायला सवड हवी. ती सवड खेळताना मिळत नाही. असुर अंगावर आलेला असतो आणि तोंडातून जे निघायचं ते निघून जातं. म्हणून ती रेकॉर्डिंगमध्ये राखून ठेवावी लागते. खेळाचा आवाज आणि माझा आवाज एकाच वेळी पण एकमेकांना न शिवता साठवला गेला, तरच नंतर निवांत बसून ठरवता येतं की या क्षणी कुणी बोलावं.

रेकॉर्डिंगसाठी मी ओबीएस वापरते. २०१२ पासून चालत आलेलं, फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं असलेलं हे सॉफ्टवेअर. त्यातली सर्वात मोलाची सोय पहिल्या भेटीत दिसतच नाही. एका फाइलमध्ये ते आवाजाचे सहा वेगवेगळे ट्रॅक ठेवू शकतं. Settings मध्ये Output ला जायचं, मोड Advanced करायचा आणि Recording खाली जितके ट्रॅक हवेत तितक्या चौकोनांवर खूण करायची. मग Advanced Audio Properties नावाच्या खिडकीत प्रत्येक आवाजासमोर एक ते सहा असे चौकोन दिसतात. कोणता आवाज कोणत्या ट्रॅकवर जायचा ते तिथं ठरतं. माझी मांडणी साधी आहे. पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त माइक, तिसऱ्यावर फक्त खेळ. पहिला ट्रॅक एकत्र ठेवण्यामागे कारण आहे. बहुतेक प्लेअर फाइल उघडली की पहिलाच ट्रॅक वाजवतात. रेकॉर्डिंग कुणाला लगेच दाखवायचं झालं तर सगळं ऐकू यायला हवं. बाकीचे दोन ट्रॅक माझ्यासाठी असतात, संपादनाच्या टेबलावर उलगडायला.

तिसऱ्या ट्रॅकवर फक्त खेळच यावा यासाठी आणखी एक गोष्ट लागते. ओबीएस सुरू केलं की Desktop Audio नावाचा आवाज आधीच तिथं असतो, आणि त्यात संगणकावर वाजणारं सगळंच येतं: मेलची टिंग, कुणाच्या तरी निरोपाची टुंग, मागे उघडा राहिलेला ब्राउझर. विंडोजवर २०२२ पासून ओबीएसमध्ये Application Audio Capture नावाचा स्रोत आला. त्यात थेट खेळाची खिडकी निवडायची. मग राजीच्या पावलांचा आवाज येतो, मेलचा येत नाही. मात्र हे करताना Desktop Audio बंद करायलाच हवा. नाहीतर खेळाचा आवाज दोन वाटांनी येतो, दोन्ही वाटांत काही मिलिसेकंदांचा फरक असतो, आणि ऐकताना त्रिशुळाचा खणखणाट पत्र्याच्या नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो. असा पोकळपणा ऐकू आला की आवाजाच्या मिक्सरमध्ये आधी तेवढंच पाहायचं: एकाच वेळी दोन मीटर एकाच लयीत नाचतायत का.

ट्रॅक वेगळे केले म्हणजे आवाज वेगळे झाले असं मात्र नाही. सॉफ्टवेअर फक्त तारा वेगळ्या करतं. खोली एकच असते.

माझा मावसभाऊ नाटकांना ध्वनी देतो. कोणता माइक घेऊ, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘ताई, आधी हेडफोन घाल, मग माइकचं बोलू.’’ तेव्हा ते उत्तर तुटक वाटलं, पण सगळं त्यातच होतं. स्पीकरवर खेळ वाजत असेल तर तो माइकमध्ये शिरणार. हवेतून एक मीटर यायला आवाजाला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे दुसऱ्या ट्रॅकवर, माझ्या बोलण्यामागे, खेळाचीच एक फिकट, किंचित उशिरा आलेली प्रत बसलेली असते. तिसऱ्या ट्रॅकवरच्या स्वच्छ आवाजात ती मिसळली की काही सूर एकमेकांना खातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझं एखादं वाक्य कापलं की त्याच्याबरोबर मागचा खेळाचा झिरपलेला आवाजही कापला जातो आणि तिथं पोताला भोक पडल्यासारखं ऐकू येतं. हे नंतर कोणत्याही फिल्टरनं नीट दुरुस्त होत नाही. तपासायचा उपाय सोपा आहे. रेकॉर्डिंगनंतर फक्त दुसरा ट्रॅक लावायचा, आवाज मोठा करायचा आणि आपण गप्प असलेल्या जागा ऐकायच्या. तिथं खेळ ओळखू आला तर झिरपतोय. पंखा ओळखू आला तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि तुलनेनं सोपा.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा, मागून बंद असलेला. मागून जाळी असलेले हेडफोन कानाला मोकळे आणि सुंदर वाटतात, पण खेळ तेवढाच बाहेरही सांडतात. बंद हेडफोनची एक वेगळी अडचण मात्र सहन करावी लागते. त्यात आपलाच आवाज डोक्यात घुमतो, बाहेरचा ऐकू येत नाही, आणि माणूस नकळत मोठ्यानं, एकसुरी बोलायला लागतो. विष्णू इतक्या संथपणे बोलत असताना मधे असा चढलेला स्वर आला की कानाला बोचतो. माझ्या यूएसबी माइकला हेडफोनची खाच आहे. तिथून स्वतःचा आवाज जराही उशीर न होता कानात येतो. तो थोडासा, अगदी कुजबुजीइतका सोडला की बोलणं आपोआप खाली उतरतं. बोलण्याचा स्वर सुधारण्यासाठी यापेक्षा उपयोगी काही मला सापडलेलं नाही.

पंख्याचं म्हणाल तर एप्रिलमध्ये पुण्यात पंखा बंद करून त्रिशूळ चालवणं कठीण. तिथं अंतर कामाला येतं. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो, पण पंखा आहे तिथंच आणि तेवढाच राहतो. चाळीस सेंटिमीटरवरून दहावर आलात तर बारा डेसिबलचा फरक पडला, आणि माइकची पातळी तेवढी खाली घेता आली. पंखा त्या प्रमाणात मागे सरकतो. म्हणून माइक टेबलाच्या कडेला न ठेवता वाकवता येणाऱ्या दांडीवर, ओठांपासून वीतभर किंवा त्याहून जवळ, जरासा बाजूला धरावा; समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का बसतो. दांडी असली की टेबलावर आपटलेल्या हाताचा ठोकाही कमी येतो.

त्याउपर जो पंखा उरतो त्यासाठी ओबीएसमध्ये Noise Suppression हा फिल्टर आहे, त्यातली RNNoise ही पद्धत. ती पंख्याची एकसारखी घरघर चांगली ओळखते. पण आवाजापेक्षा पंखाच मोठा असेल तर ती बोलण्याचेही लचके तोडते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यापुढचा Noise Gate हा फिल्टर मी सावधपणे वापरते. ठरावीक पातळीखाली गेलं की तो दार बंद करतो. आधीपासून दिलेल्या मांडणीत वजा २६ डेसिबलला दार उघडतं आणि वजा ३२ ला बंद होतं. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हिशेबानं ते चालत असेल, पण मराठी बोलताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतो. ‘‘इथं एक गुप्त वाट आहे’’ म्हणताना ‘आहे’ जवळजवळ श्वासातच विरतं. दार आधीच मिटलं की ऐकणाऱ्याला ‘‘इथं एक गुप्त वाट’’ एवढंच मिळतं आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटल्यासारखं वाटतं. म्हणून मी बंद होण्याची पातळी आणखी खाली, वजा ४५ च्या आसपास नेते आणि उघडण्याची त्याच्या थोडी वर. दार मिटायला लागणारा वेळही वाढवते. पूर्ण शांतता मिळत नाही, पण ‘आहे’ शाबूत राहतं.

पातळ्यांबद्दल एवढंच. शून्य डेसिबल म्हणजे छत. त्यावर गेलेला आवाज चिरफाळतो आणि पुन्हा सांधता येत नाही. मी नेहमीचं बोलणं वजा १५ ते वजा १० च्या दरम्यान ठेवते, म्हणजे ओबीएसच्या मीटरवर पिवळ्या पट्ट्यात. खेळ वजा २५ च्या आसपास. असुर अचानक मागून आला की मी ओरडते, ते नैसर्गिकच आहे, म्हणून माइकवर सगळ्यात शेवटी Limiter ठेवलेला असतो.

इथं ओबीएसची एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण स्वच्छ ट्रॅकचा सगळा अर्थ तिच्यावर टिकून आहे. ओबीएसमध्ये फिल्टर आवाजाच्या स्रोतावर बसतो, ट्रॅकवर नाही. पाणी टाकीपाशीच गाळलं तर मग ते सहाही नळांना गाळलेलंच येणार. आता समजा, मी बोलले की खेळाचा आवाज आपोआप खाली जावा अशी सोय केली. ती करता येते: खेळाच्या आवाजाला Compressor लावायचा आणि त्याच्या Sidechain मध्ये माइक निवडायचा. ऐकायला छान वाटतं, प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी तेच योग्य आहे. पण रेकॉर्डिंगमध्ये तिसरा ट्रॅकही तसाच खाली-वर झालेला साठतो. म्हणजे दुर्गा बोलत असताना मी नुसतं ‘‘अरे वा’’ म्हटलं असेल, तरी तिचं ते वाक्य खेळाच्या ट्रॅकवर कायमचं दबलं. नंतर माझं ‘‘अरे वा’’ काढून टाकलं तरी तिथं खड्डा राहतोच. म्हणून खेळाच्या आवाजाला मी रेकॉर्डिंगच्या वेळी एकही फिल्टर लावत नाही. दबवायचं तिथं नंतर, हातानं दबवते.

माइकसाठीही हाच न्याय. त्याच माइकचा आणखी एक स्रोत ओबीएसमध्ये जोडते, त्याला काही फिल्टर लावत नाही आणि तो फक्त चौथ्या ट्रॅकवर पाठवते. बहुतेक वेळा तो ट्रॅक उघडतच नाही. पण एखाद्या दिवशी दारानं एखादा शब्द खाल्लाच, तर तो तिथं जसाच्या तसा सापडतो.

आता चेहरा. आवाजाला सहा वाटा आहेत, चित्राला एकच. वेबकॅमची चौकट खेळावर ठेवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की ती चौकट चित्रात मुरते. तिच्यामागं काय होतं ते कधीच परत मिळत नाही. (चेहरा वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा असेल तर Source Record नावाचं एक प्लगइन आहे; पण मग संगणकाला दोन चित्रं एकाच वेळी गुंफावी लागतात, आणि माझ्या यंत्राची तेवढी ताकद नाही.) म्हणून चौकट कुठं ठेवायची याचा निर्णय मी खेळ पाहून घेते, सवयीनं नाही. राजीत सबटायटल्स सुरू ठेवली की देवांचं बोलणं खाली उमटतं. मराठी प्रेक्षकांपैकी अनेकांना इंग्रजी निवेदन ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यामुळे तळाचा पट्टा मोकळाच हवा. बाकीच्या कोपऱ्यांसाठी मी एक लढाई, एक कोडं आणि एक शांत चाल असे तीन तुकडे आधी खेळून पाहते आणि पडद्यावर खेळ स्वतः कुठं काय लिहितो ते टिपून ठेवते. जो कोपरा तिन्ही वेळा मोकळा राहतो तो माझा. चौकटीची रुंदी पडद्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देत नाही. राजीचा कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नसतो, तो दुरून, ठरवलेल्या जागेवरून पाहतो. उंच कमान आणि तिच्यापायी मुंगीएवढी पोर, हे चित्र कुणीतरी विचार करून बांधलेलं असतं. त्यात आपला चेहरा लहानच असावा असं मला मनापासून वाटतं.

लहान असला तरी तो स्पष्ट हवा, आणि वेबकॅमच्या बाबतीत स्पष्टपणा म्हणजे उजेड. अंधारात वेबकॅम प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. सेकंदाला ३० चित्रं द्यायची तिथं तो गुपचूप १५ वर येतो, आणि मान वळवली की चेहरा फासल्यासारखा होतो. महागडा कॅमेरा घेण्याआधी टेबललॅम्प भिंतीकडे वळवून पाहावा. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर पुरतो. मग Properties मध्ये जाऊन Configure Video उघडायचं आणि एक्स्पोजर आपोआप ठरवणं बंद करायचं. नाहीतर राजी अंधाऱ्या दालनातून उन्हाच्या चौकात आली की पडद्याचा उजेड बदलतो, आणि त्याबरोबर माझा चेहराही उगाच उजळत-काळवंडत राहतो.

त्याच खिडकीत PowerLine Frequency नावाची एक ओळ असते. बऱ्याच वेबकॅममध्ये ती ६० हर्ट्झवर असते, कारण अमेरिकेतली वीज तशी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. आपल्याकडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याची गणती ६० ची असेल तर चेहऱ्यावरून काळसर आडवे पट्टे सरकत जाताना दिसतात. ही ओळ ५० केली की पट्टे थांबतात. किती जण त्या पट्ट्यांमुळे दिवे बदलत बसले असतील, या विचारानं मला वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त जीव मी लावते तो चेहरा आणि आवाज यांची गाठ घालण्यात. वेबकॅमचं चित्र यूएसबीतून, त्याच्या आतल्या छोट्या मेंदूतून वाट काढत येतं, म्हणून ते उशिरा पोचतं. माइकचा आवाज त्याच्या आधी येतो. शब्द आधी ऐकू येतो आणि ओठ मग हलतात. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. मोजायचं कसं? रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेऱ्यासमोर, माइकजवळ एक टाळी वाजवायची. मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या ट्रॅकवर टाळीचा उंच काटा शोधायचा आणि तिथून एकेक फ्रेम पुढं जात दोन्ही हात जिथं भिडतात ती फ्रेम गाठायची. माझं रेकॉर्डिंग सेकंदाला ६० फ्रेम्सचं असतं. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. माझ्या वेबकॅमला सहा फ्रेम्स लागल्या, म्हणजे १०० मिलिसेकंद. वेबकॅम स्वतः सेकंदाला तीसच चित्रं देतो, त्यामुळे एखाद्या फ्रेमची चूकभूल राहणारच. दोन-तीन टाळ्यांची सरासरी घेतली की पुरे.

ही तूट भरायची तर Advanced Audio Properties मध्ये माइकसमोर Sync Offset असतो, तिथं १०० लिहायचं. आवाज तेवढा थांबतो आणि ओठांना येऊन मिळतो. बहुतेक लोक इथं थांबतात. पण आता माझा आवाज आणि चेहरा दोघंही खेळाच्या १०० मिलिसेकंद मागे पडले. असुर झेपावला आणि मी दचकले यातलं अंतर तेवढं लांबलं. शंभर मिलिसेकंद म्हणजे फार नाही, बऱ्याच जणांना कळणारही नाही. मला मात्र ते दचकणं खरं हवं असतं, जसं घडलं त्याच क्षणी. म्हणून मी खेळालाही थांबवते. खेळाच्या चित्राला Render Delay हा फिल्टर लावून १०० मिलिसेकंद, खेळाच्या आवाजाच्या Sync Offset मध्ये १००, आणि चौथ्या ट्रॅकवरच्या कोऱ्या माइकलाही १००. (हा फिल्टर ५०० पर्यंतच थांबवू शकतो, पण एवढा हळू वेबकॅम मी पाहिलेला नाही.) खेळताना मला यातलं काही जाणवत नाही, कारण थांबतं ते फक्त रेकॉर्डिंग, माझ्यासमोरचा पडदा जसाच्या तसा चालतो. सगळे मिळून त्या सर्वांत मंद गड्यासाठी थांबतात आणि मग एकाच पावलानं निघतात.

खेळ सेकंदाला ६० फ्रेम्सवर बांधून घेणंही गरजेचं आहे. त्याला मोकळं सोडलं तर तो ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद पिऊन टाकतो, आणि ओबीएसला खेळ व चौकट एकत्र मांडायला काही उरत नाही. गंमत म्हणजे खेळताना सगळं गुळगुळीत दिसतं, अडखळतं ते फक्त रेकॉर्डिंग. ओबीएसच्या Stats मध्ये rendering lag समोरचा आकडा वाढताना दिसला की कारण बहुधा हेच. आणि फाइल साठवायची ती MKV मध्ये. साधी MP4 फाइल आपली अनुक्रमणिका शेवटी लिहिते. मधेच लाइट गेली तर आतलं सगळं असूनही ती उघडत नाही. MKV जिथवर लिहिली गेली तिथवर शाबूत राहते. नंतर File मधल्या Remux Recordings मधून तिची MP4 करून घ्यायची. चित्राला हात न लावता फक्त वेष्टन बदलतं, त्यामुळे वेळही फारसा लागत नाही आणि सगळे ट्रॅकही टिकतात.

हे सगळं कशासाठी, ते मला एका भिंतीपाशी नीट उमगलं. राजी एका चित्रासमोर उभी राहिली. चित्रात देवीची कथा होती, आणि निवेदन सुरू झालं. मी खेळता खेळता त्या चित्राच्या रंगांबद्दल बोलत होते, आणि कथा सुरू झाल्यावरही दोन वाक्यं बोलून गेले. मग गप्प झाले, पुढं झुकून पाहत राहिले. संपादनाला बसल्यावर तिसरा ट्रॅक एकटा लावला. निवेदन अखंड होतं, मागं संगीत होतं, राजीचे पैंजण थांबलेले होते. दुसऱ्या ट्रॅकवर माझी दोन वाक्यं, मग खुर्चीची कुरकूर, मग श्वास. मी ती दोन वाक्यं उचलली आणि मागं नेली, राजी भिंतीकडे चालत येत असतानाच्या मोकळ्या जागेत. तिथं खेळाचा आवाज सहा डेसिबलनं खाली घेतला, अर्ध्या सेकंदात हळूच उतरवत, माझं बोलणं संपल्यावर साधारण एका सेकंदात परत वर आणत. झटकन चढवला तर लाट आदळल्यासारखी वाटते. निवेदन सुरू होण्याच्या आधी खेळ पूर्ण उंचीवर आला. आणि निवेदनभर दुसरा ट्रॅक पूर्ण बंद ठेवला, खुर्चीसह, श्वासासह.

मात्र चौकट तशीच होती. वाक्यं मागं सरकवल्यामुळे तिथं ओठ जुळणार नाहीत अशी भीती होती, पण चालण्याच्या त्या तुकड्यात माझं तोंड पडद्याकडे, जरा खाली झुकलेलं होतं आणि चौकट लहान. ते खपून गेलं. निवेदनाच्या सुरुवातीला ओठ हलत होते तेवढ्या काही सेकंदांसाठी मी चित्र वाढवून थेट भिंतीवर नेलं, इतकं की चौकट पडद्याबाहेर गेली आणि फक्त देवी उरली. तिथून चित्र सावकाश मूळ जागी आणलं तेव्हा चौकट परत आली, आणि तिच्यात मी ऐकत होते. काहीच न बोलता, भुवया जराशा उंचावून. वेबकॅम खरोखर कशासाठी असतो हे मला तेव्हा पटलं. बोलणारा चेहरा दाखवायला तो लागत नाही, आवाज पुरतो. ऐकणारा चेहरा मात्र त्याच्याशिवाय दाखवता येत नाही, आणि आवाज स्वच्छ असल्याशिवाय तो काय ऐकतोय तेही कळत नाही.

या भागाखाली एका बाईंनी लिहिलं की ती गोष्ट त्यांनी नातवासोबत दोनदा ऐकली. माझ्या बोलण्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं, आणि तेच मला फार आवडलं.

२०२२ मध्ये राजीची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिंदी निवेदनही आलं. आता मला तो खेळ पुन्हा, हिंदीत ऐकत खेळायचा आहे. तयारी बरीचशी तीच राहील, टाळीचे १०० मिलिसेकंदही तेच. पण खेळाचा आवाज किती खाली घ्यायचा ते नव्यानं ठरवावं लागेल. इंग्रजी निवेदनावर मराठी बोललं की कान दोन भाषा आपोआप वेगळ्या करतो. हिंदीवर मराठी आली की ओळखीचे शब्द एकमेकांत गुंततात, आणि सहा डेसिबल पुरणार नाहीत असं वाटतंय. दहा करून पाहीन. नाहीच जमलं तर जास्त वेळ गप्प बसेन. त्यासाठी दुसरा ट्रॅक वेगळा आहेच.